भवानीच्या वेळची गोष्ट

माझ्या व्हिएतनामी गोष्टीतल्या पहिल्याच वाक्यातल्या एका शब्दाभोवती बाईंनी लाल पेनाने गोल काढला. खोडलं नाही, नुसता गोल. मी विचारलं, चुकलं काय? त्या म्हणाल्या, "चुकलं काहीच नाही. व्याकरण बरोबर, शब्द बरोबर, खुणासुद्धा बरोबर. फक्त ही मुलगी भाजी घ्यायला आलेली दिसत नाही. पोलीस चौकीत जबाब द्यायला आल्यासारखी वाटते."

हनोईत आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो, त्याला आता तिसरं वर्ष. आठवड्यातून दोनदा मी एका निवृत्त शिक्षिकेकडे व्हिएतनामी शिकायला जाते. आम्ही चौघंजण आहोत, ना धड नवशिके ना धड जाणते. वर्तमानपत्र वाचता येत नाही आणि बालवाडीच्या पुस्तकाचा कंटाळा येतो, अशा मधल्या पायरीवर वाचायला काही मिळत नाही म्हणून बाईंनी तोडगा काढला: तुम्हीच लिहा, एकमेकांचं वाचा. मला विषय दिला बाजारातली सकाळ. भाषा सोपी हवी, तीनशे शब्दांच्या वर जायचं नाही, नवे शब्द आठच, आणि जो नवा शब्द येईल तो गोष्टीत तीनदा यायलाच हवा. एकदा आलेला शब्द वाचणारा शब्दकोशात बघतो, दुसऱ्यांदा आठवायचा प्रयत्न करतो, तिसऱ्यांदा ओळखतो, असं बाईंचं गणित.

मला वाटलं, तासाभराचं काम. व्हिएतनामी क्रियापद कधीच बदलत नाही. मी जाते, तू गेलास, ते जातील, सगळ्याला एकच 'दि'. लिंग नाही, विभक्ती नाही. ज्या माणसाने लहानपणी 'तो मासा, ती मासोळी, ते मासे' सहज पचवलं, त्याला हे म्हणजे सुट्टीच. बाजारातले शब्द तर मला रोजच लागतात. मी बसले आणि लिहिलं: "तोय मुओन मुआ राउ मुओंग." मला राउ मुओंग विकत घ्यायची आहे. राउ मुओंग म्हणजे पोकळ देठाची, पाण्याकाठी वाढणारी पालेभाजी. आपल्याकडे तिला नाळीची भाजी म्हणतात. हनोईत उन्हाळाभर ती घराघरात उकडली जाते आणि उकडलेल्या पाण्याचं आंबट सार होतं.

गोल होता तो 'तोय'भोवती. तोय म्हणजे मी. पुस्तकात पहिल्या धड्यात हाच शब्द शिकवतात आणि मग माणूस तो वर्षभर घेऊन हिंडतो. पण बाजारात तोय म्हणजे दोन माणसांमध्ये हातभर अंतर ठेवून बोलणं. भाषणात चालतं, अर्जात चालतं, अनोळखी समवयस्क पुरुष आपसात वापरतात. दोघांचं बिनसलं की एरवी ताई-ताई करणारी बाई थंडपणे तोयवर येते, आणि त्याही पुढे गेली तर 'माय-ताव'वर, म्हणजे आपल्या अरे-कारेच्या खालची पायरी. चोवीस वर्षांची मुलगी पन्नाशीच्या भाजीवालीला तोय म्हणाली तर भाजीवाली मनात म्हणेल, हिचं काय बिघडवलंय मी?

मग 'मी'ला म्हणायचं काय? इथेच गोष्ट अडली, कारण व्हिएतनामीत त्याचं उत्तर समोर कोण आहे यावर अवलंबून. समोरची आत्या असेल तर मी 'भाची', समोरची ताई असेल तर मी 'धाकटी'. आपणही भाजीवालीला मावशी म्हणतो, रिक्षावाल्याला दादा म्हणतो, पण स्वतःला काही भाची किंवा धाकटी म्हणत नाही. 'मावशी, मला अर्धा किलो द्या' यातला 'मला' जागचा हलत नाही. तिकडे तो 'मला'सुद्धा नात्यात जातो: "आत्या, भाचीला अर्धा किलो दे." आणि आत्याही उत्तर देते, "आत्या देते हं भाचीला." मराठीत असं आपण फक्त लहान मुलांशी बोलतो. 'आई भरवते हं बाळाला', 'आजी येते हं'. आपल्याकडे जी बोली पाळण्यापाशी संपते ती तिथे साठ वर्षांची माणसं बँकेत, दवाखान्यात, भांडणात वापरतात. हे समजल्यावर मला व्हिएतनामी अर्धी सोपी झाली, आणि बोलायला दुप्पट अवघड.

अवघड अशासाठी की तोंड उघडण्याआधी समोरच्याचं वय ठरवावं लागतं. तेही नुसतं वय नाही, आपल्या आईवडिलांच्या तुलनेतलं वय. आपली नाती बाजू विचारतात: बापाकडचा तो काका, आईकडचा तो मामा. व्हिएतनामी नाती त्याशिवाय क्रमही विचारतात. वडिलांहून मोठा भाऊ तो 'बाक', धाकटा तो 'चू'. वडिलांची धाकटी बहीण 'को', आणि उत्तरेकडे थोरल्या बहिणीलाही बाकच म्हणतात. म्हणजे भाजीवालीला हाक मारताना मला एका नजरेत ठरवायचं असतं की ही बाई माझ्या वडिलांपेक्षा मोठी दिसते की लहान. मोठी ठरवली तर बाक, त्यात मान जास्त. लहान ठरवली तर को, त्यात जवळीक जास्त, आणि भाजीवालीचं वय कमी केल्याचं पुण्य.

म्हणूनच इथे पहिल्या पाच मिनिटांत लोक वय विचारतात, आणि लग्न झालं का तेही. सुरुवातीला मला वाटायचं किती भोचक. वय कळल्याशिवाय त्यांना वाक्य सुरूच करता येत नाही, हे फार उशिरा लक्षात आलं. (लग्नाचं मात्र भोचकपणाच आहे. त्याला व्याकरणाचा आधार मला अजून सापडलेला नाही.)

मी तोय खोडून चाउ लिहिलं, म्हणजे भाची, आणि पुढे सरकले. दुसरा लाल गोल पहिल्यापेक्षा मोठा होता.

माझ्या गोष्टीत लान नावाची मुलगी सकाळी सहाला बाजारात जाते. बाजार मी 'चऽ कॉक' घेतला होता. शब्दशः बेडूकबाजार. पक्क्या मंडईत गाळे असतात. बेडूकबाजार गल्लीच्या तोंडाशी, पदपथावर, पहाटे भरतो. कावडीच्या दोन टोपल्या खाली ठेवल्या की दुकान मांडलं. वॉर्डाचे लोक आले की टोपल्या उचलून पुढच्या कोपऱ्यावर उडी. यातल्या पुष्कळ बायका मध्यरात्रीनंतर लाँग ब्येन पुलाजवळच्या घाऊक बाजारातून माल उचलतात आणि उजाडायच्या आत आपापली गल्ली धरतात. हे सगळं मी एका वाक्यात बसवलं होतं आणि स्वतःवर खूश होते.

तर लान पहिल्याच टोपलीशी थांबते. भाव विचारते. "महाग आहे," म्हणते आणि पुढे चालू लागते. चार पावलं जाते, या आशेने की बाई हाक मारील. बाई हाक मारत नाही. लान दुसरीकडे विचारते, तिथेही तोच भाव, मग परत येते. ही माझ्या आईची मिरजेच्या मंडईतली युक्ती. चार पावलं जायचं, पाचव्याला हाक येतेच. मी ती जशीच्या तशी हनोईला नेली होती.

बाईंनी ते वाचलं आणि आधी हसल्या. मग विचारलं, "सहा वाजता? आणि ही पहिलीच गिऱ्हाईक?"

"हो."

"मग ती बाई हाक मारणार नाही. ती कागद पेटवेल."

दिवसातल्या पहिल्या विक्रीला व्हिएतनामीत 'मऽ हांग' म्हणतात, म्हणजे माल उघडणं, आणि आपण तिला भवानी म्हणतो. पहिला गिऱ्हाईक जसा निघेल तसा दिवस जाईल, हा हिशोब दोन्हीकडे एकच. पण तिकडे त्याला जोड आहे ती 'वीया'ची. प्रत्येक माणसाबरोबर त्याचा असा एक सूक्ष्म अंश फिरतो, कुणाचा हलका, कुणाचा जड. हलक्या वीयाचा माणूस पहिला आला की माल भराभर उठतो. काही बायका अशा ओळखीच्या माणसाला मुद्दाम बोलावून भवानी करून घेतात. जड वीयाचा आला, भाव विचारला, माल उलटापालटा केला आणि न घेता गेला, की दिवस बसला. मग 'दोत वीया': बाई कागदाचा तुकडा पेटवते, माल आणि टोपली यांच्यावरून ती धग ओवाळते, तोंडाने ते जडपण हाकलते, आणि कागद रस्त्यावर टाकते. गेलेल्या गिऱ्हाइकाला ते दिसलं तरी तिची हरकत नसते. उलट दिसावं अशीच इच्छा असते.

म्हणजे माझी लान, जी मी चुणचुणीत, काटकसरी, गोड मुलगी म्हणून उभी केली होती, ती व्हिएतनामी वाचकाच्या नजरेत सकाळी सहाला एका गरीब बाईच्या दिवसावर पाणी ओतून निघून गेली होती. आणि तिला पत्ताही नाही. बाई म्हणाल्या, गोष्ट तशीही चांगली होईल, पण मग ती वेगळी गोष्ट.

मला हे कळायला हवं होतं. आमच्या गल्लीत भाजीवाली पहिली नोट कपाळाला लावायची, मग टोपलीला. 'भवानीची वेळ आहे ताई, असं करू नका,' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. आईची चार पावलांची युक्तीसुद्धा सकाळी दहानंतरची होती, हे आत्ता आठवतं. लहानपणी आपण युक्ती बघतो, घड्याळ बघत नाही.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, लानला नऊ वाजता पाठवायचं. तेव्हा भाव करा, हिंडा, परत या, कुणाला काही वाटत नाही. दुसरी, सहालाच पाठवायचं, पण घेऊ द्यायचं. पहिल्या वाटेत बेडूकबाजार उठून गेला असता. म्हणून दुसरी घेतली. थोडं कमी करून मागायला हरकत नाही, बाई म्हणाल्या, पण एकदा विचारलं की घ्यायचं. घ्यायचं नसेल तर भवानी झालेल्या टोपलीशी विचारायचं. ती कशी ओळखायची? टोपलीतली रचना मोडलेली असते.

बाकीच्या चुका किरकोळ होत्या, त्या भराभर निपटल्या. मी डुकराचं मांस 'पाव किलो' लिहिलं होतं. बाजारात पाव नाही, 'लांग' आहे, म्हणजे शंभर ग्रॅम, आणि पाव किलोला अडीच लांग म्हणायचं. शेवटी मांसच काढून टाकलं. भावात मी 'हजार' हा शब्द प्रत्येक वेळी लिहिला होता. बोलताना कुणी हजार म्हणत नाही. पंचवीस हजार म्हणजे 'हाय लाम', दोन-पाच, झालं.

पण एक गोष्ट किरकोळ नव्हती. वर्गात मी गोष्ट मोठ्याने वाचली, आणि माझ्या लानने अननसाऐवजी नारळ विकत घेतला. 'झुआ' हा शब्द सपाट सुरात म्हटला तर कलिंगड-काकडीच्या कुळातलं फळ, किंवा लोणचं. सूर खाली सोडला तर नारळ. सूर वर नेला तर अननस. रोमन अक्षरं तिन्हीला तीच, फरक फक्त डोक्यावरच्या एका तिरक्या रेघेचा: रेघ नाही, रेघ या बाजूला झुकलेली, रेघ त्या बाजूला झुकलेली. दक्षिणेकडे अननसाला वेगळेच शब्द आहेत, त्यामुळे त्यांची या पेचातून सुटका झाली आहे. माझी चूक सुराच्या अज्ञानाची नव्हती. वाक्य प्रश्नार्थक होतं, 'अननस केवढ्याला' असं, आणि मराठी माणूस विचारताना सूर कुठे चढवायचा आणि कुठे सोडायचा हे अर्थानुसार ठरवतो. व्हिएतनामीत सूर शब्दाच्या मालकीचा आहे, तो वाक्याला उसना देता येत नाही. प्रश्न असो, राग असो, लाडीगोडी असो, अननस वरच जाणार. मग प्रश्नाचा प्रश्नपणा कुठे ठेवायचा? त्यासाठी शेवटी छोटे शब्द असतात, आणि मोठ्यांशी बोलताना शेवटी एक आखूड, पाय पडल्यासारखा दबलेला 'आ'. आपल्या कोल्हापूरकडच्या 'जी'चं काम तो करतो.

त्या रेघा आल्या कुठून हे मला बाईंनी नाही, मीच बाईंना सांगितलं, आणि त्याचा मला जरा गर्व आहे. व्हिएतनामी रोमन लिपीत बसवली सतराव्या शतकातल्या जेझुइट पाद्र्यांनी. त्यांच्यापैकी अलेक्झांद्र द रोदचा कोश 1651 साली रोममध्ये छापला गेला. हा द रोद पूर्वेकडे जाताना गोव्यात काही काळ राहिला होता. त्याच गोव्यात, त्याच जेझुइटांपैकी फादर स्टीफन्सचं मराठी ख्रिस्तपुराण 1616 साली रोमन अक्षरांत छापून झालं होतं. आपण पुढे देवनागरीतच राहिलो, त्यांनी रोमन घेतली. बाई म्हणाल्या, "मग तुम्हाला सूर नाहीत हे तुमचं नशीब. नाहीतर तुमच्याही डोक्यावर रेघा आल्या असत्या." मी म्हटलं, बाई, आमच्या डोक्यावर एक रेघ आहेच, आडवी.

शेवटची प्रत अशी झाली. मराठीत देताना नाती शब्दशः ठेवली आहेत.

लान सकाळी सहाला बाजारात जाते. बाजार छोटा आहे. तो गल्लीच्या तोंडाशी आहे. एक बाई टोपल्या खाली ठेवते. टोपलीत राउ मुओंग आहे, अननस आहे. अजून कुणी काही घेतलेलं नाही.

"बाक, राउ मुओंग केवढ्याला जुडी?" लान विचारते.

बाई वर बघते. "बाक कशाला? को म्हण. जुडी दहा. भाचीने आज कोची भवानी करावी."

"को, भाची दोन जुड्या घेते. अठराला द्याल?"

बाई हसते. "बरं, अठरा. को भवानीला नाही म्हणत नाही."

"आणि अननस केवढ्याला?"

"पंधरा. को सोलून देते." बाई अननस सोलते. सुरी तिरकी फिरते. अननसाचे डोळे एकेक करून निघतात. "भाचीचं लग्न झालं, की अजून नाही?"

"अजून नाही, को."

"अजून नाही? हरकत नाही. आधी अननस खा."

लान पन्नास देते. बाई सतरा परत देते. ती पन्नासची नोट टोपलीवर फिरवते. मग ती पातीच्या कांद्याच्या चार काड्या लानच्या पिशवीत टाकते.

"हे केवढ्याला, को?"

"हे केवढ्यालाच नाही. भाची उद्या ये."

'अजून नाही' यावर मी अडून बसले होते. मला साधं 'नाही' हवं होतं, ते ऐटीत वाटत होतं. बाईंनी मानलं नाही. प्रश्नात 'झालं, की अजून नाही' असं विचारलं की उत्तर दोनच: 'रोय', झालं, किंवा 'चुआ', अजून नाही. नुसतं नाही म्हटलं तर चूक होते, आणि वर दार कायमचं लावून घेतल्यासारखंही वाटतं. जेवलीस का या प्रश्नालाही तसंच. चारचौघांत न जेवलेला माणूस 'अजून नाही' म्हणतो, म्हणजे पुढे जेवणार आहे.

आठ नवे शब्द झाले, तीन-तीनदा आले. फक्त 'सोलणे' दोनदाच आला आहे. बाईंनी ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर उठले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पासष्टीची एक बाई बसते, काळे दात, डोक्यावर शंकूसारखी टोपी. टोपलीतली रचना मोडलेली नव्हती, म्हणजे भवानी व्हायची होती. मी माझं वय, माझ्या वडिलांचं वय, तिचे दात, सगळा हिशोब करून 'को' म्हटलं. ती खूश दिसली. दोन जुड्या घेतल्या, भाव केला नाही, कुठेही तोय आलं नाही. निळी नोट दिली, वीसची, आणि ऐटीत निघाले.

मागून कुणीतरी ओरडत होतं, "चाउ अइ! चाउ अइ!" ए भाची. मी चालत राहिले. असेल कुणाची तरी भाची. एक्केचाळीसाव्या वर्षी मला भाची म्हणणारं जगात फार कुणी उरलेलं नाही. हाक आणखी दोनदा आली, मग स्कूटरवरच्या एका पोराने माझ्यापुढे ब्रेक मारला आणि हनुवटीने मागे दाखवलं.

को टोपल्या सोडून अर्ध्या गल्लीपर्यंत आली होती. तिच्या हातात माझी नोट होती, निळीच, पण पाच लाखांची. वीस हजाराची आणि पाच लाखांची, दोन्ही निळसर असतात.

"भवानी मागितली होती गं भाची," ती धापा टाकत म्हणाली, "आख्खा महिना नव्हे."